सईचं प्रगतिपत्रक: श्रेणी खाली, नंबर खाली, पर्सेंटाइल वर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या गल्लीत प्रगतिपत्रकांचा आठवडा येतो. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्या पोरीला अडवून विचारतात, "कितवा नंबर उना वं?" श्रेणी कोणी विचारत नाही. आकारिक किती, संकलित किती, हे तर नाहीच नाही. नंबर सांगितला की विषय संपला.

मी अमळनेर तालुक्यात बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झालो. पुतण्या दिनू इथेच एका जिनिंगमध्ये कामाला आहे. त्याची मुलगी सई सातवीत. प्रथम सत्राचं प्रगतिपत्रक घरी आलं त्या संध्याकाळी दिनूची बायको वैशाली ते घेऊन माझ्याकडे आली. सोबत गेल्या वर्षीचं, सहावीच्या द्वितीय सत्राचंही होतं. शनिवारी पालकसभा होती, आणि वैशालीने काय बोलायचं ते ठरवूनच ठेवलं होतं.

"नाना, गणितात अ-2 होती, आता ब-1 झाली. नंबर सहावा होता, आता चौदावा. आणि खाली लिहिलंय 87.5. तेवढे टक्के आहेत, तर मग एवढी घसरण कशी? मॅडमना विचारणारच आहे मी."

म्हटलं, विचार, पण आधी हा कागद काय सांगतो ते बघू. त्या एका कागदावर तीन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले तीन आकडे होते. एक पोरीला अभ्यासक्रमाशी मोजतो, दुसरा वर्गातल्या पोरांशी, तिसरा पूर्ण इयत्तेशी. तिन्ही एकाच दिशेने हलायला पाहिजेत असं कुठे आहे?

आधी श्रेणी

राज्यात पहिली ते आठवीला 2010 सालापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात प्रत्येक विषयाचे शंभर गुण दोन वाटांनी जमतात. आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्षभर शिकवता-शिकवता बाई जे टिपतात ते: तोंडी काम, वर्गकार्य, प्रकल्प, उपक्रम, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, आणि तिच्यातही थोडे गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाला, बाकीचे लेखीला. दोन्हींची बेरीज कोणत्या दहाच्या पट्ट्यात पडते त्यावर श्रेणी ठरते. 91 ते 100 अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, 61 ते 70 ब-2, 51 ते 60 क-1, 41 ते 50 क-2, 33 ते 40 ड, आणि त्याखाली इ-1, इ-2.

ही पट्टी जागची हलत नाही. दिनूला ते पटकन कळलं, कारण त्याचं आयुष्य कापसात गेलंय. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर गाडी आली की यंत्राने ओल मोजतात. ओल 12 टक्क्यांच्या आत असेल तर कापूस घेतात, वर असेल तर परत. शेजारच्या गाडीत किती ओला कापूस आहे त्याने तुमच्या कापसाची ओल बदलत नाही. श्रेणीचंही तसंच. सगळ्या वर्गाला अ-1 मिळू शकते आणि एकालाही न मिळणंही शक्य आहे.

पण यात एक मेख आहे, आणि ती पालकांना जवळजवळ कोणीच सांगत नाही. आकारिक आणि संकलित यांचा वाटा दर इयत्तेला सारखा नसतो. पहिली-दुसरीला आकारिकचे 70 आणि संकलितचे 30. तिसरी-चौथीला 60 आणि 40. पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे. सातवी-आठवीला आकारिक 40 आणि संकलित 60. म्हणजे पोर वर चढतं तसतसं वर्गातल्या रोजच्या कामाचं वजन कमी होतं आणि परीक्षेचं वाढतं. सहावीतून सातवीत जाताना नेमका हा काटा हलतो.

आता सईचं गणित बघा. दोन्ही पत्रकं मी शेजारी-शेजारी ठेवली आणि वैशालीला आकडे वाचायला लावले.

सहावीत आकारिक 50 पैकी 46, तोंडी 10 पैकी 9, लेखी 40 पैकी 26. बेरीज 81, म्हणून अ-2.

सातवीत आकारिक 40 पैकी 37, तोंडी 10 पैकी 9, लेखी 50 पैकी 33. बेरीज 79, म्हणून ब-1.

"घसरलीच ना मग?" वैशाली म्हणाली.

म्हटलं, कुठे घसरली ते दाखव. एकेका रकान्याची टक्केवारी काढ. आकारिक सहावीत 92 टक्के होतं, सातवीत 92.5. तोंडी तेव्हाही 90, आताही 90. लेखी तेव्हा 65, आता 66. एकही रकाना खाली आलेला नाही, उलट दोन किंचित वर गेलेत. तरी बेरीज दोनने कमी आणि श्रेणी एक पायरी खाली.

वैशालीने दोनदा हिशेब केला. मग दिनूकडे बघितलं. दिनू म्हणाला, "मिसळलेला माल आहे हा, दुसरं काय." अगदी बरोबर. चांगल्या प्रतीचा आणि मध्यम प्रतीचा कापूस निम्मा-निम्मा मिसळला तर एक प्रत मिळते. मध्यम मालाचं प्रमाण वाढवलं की प्रत उतरते, दोन्ही गाड्यांतला कापूस जसाच्या तसा असला तरी. सईचं लेखी पहिल्यापासूनच कच्चं होतं. सहावीत ते आकारिकाच्या आड झाकलं गेलं, सातवीत झाकायला आकारिकच कमी उरलं. आठवीत वाटा हाच राहतो, आणि नववीनंतर तर लेखीचंच राज्य. दहावीला 80 गुण लेखीचे आणि फक्त 20 अंतर्गत.

म्हणून एकूण बेरजेच्या आणि श्रेणीच्या आधी मी रकाने बघतो. आकारिक आणि लेखी यांच्या टक्केवारीत किती अंतर आहे ते काढतो. सईचं अंतर 92.5 आणि 66 मधलं, म्हणजे साडेसव्वीस. मॅडमशी बोलायचा विषय हा आहे. ब-1 हा नाही.

आणखी एक गोष्ट. 79 ला ब-1 आणि 81 ला अ-2, पण 71 लाही ब-1च. सईच्या वर्गात 71 वाली पोरगी आणि 79 वाली सई एकाच खान्यात बसल्या, आणि दोन गुणांनी पुढे असलेली मैत्रीण वरच्या खान्यात. दोन गुण म्हणजे एखादं उत्तर एककाशिवाय लिहिलं की जातात. त्यामुळे श्रेणी बदललेली दिसली की आधी ती रेषेच्या किती जवळून बदलली ते पाहावं. रेषेपासून एक-दोन गुणांवर झालेल्या बदलाला मी बदल म्हणतच नाही.

इथे माझाही एक कबुलीजबाब. आकारिकचे गुण मी शिक्षक असताना कसे द्यायचो? चाळीसपैकी कोणाला पस्तीस, कोणाला अडतीस. फार तर एखाद्याला तेहेतीस. पन्नास-पन्नास पोरांच्या नोंदी ठेवताना हात सढळ सुटतो, आणि पोराचं नुकसान नको असंही वाटतं. सगळे शिक्षक असंच करतात असं मी म्हणणार नाही, पण बरेच करतात. म्हणून "आकारिकात 37 मिळाले" याने हुरळून जायच्या आधी विचारावं, की वर्गात सगळ्यात कमी किती आहेत? ते 33 असतील तर 37 फारसं काही सांगत नाही. ते 18 असतील तर मात्र 37 कमावलेले आहेत.

अजून एक सावधगिरी सांगून पुढे जातो. ही वर सांगितलेली पट्टी राज्य मंडळाच्या आठवीपर्यंतच्या शाळांची. वाटे आणि रकाने बदलत असतात, पाचवी आणि आठवीला तर आता वार्षिक परीक्षाही आहे, त्यामुळे आपल्या पत्रकावर छापलेला तक्ताच खरा मानावा. आणि जळगावला मावसबहिणीची पोरगी सीबीएसईत असेल तर तिची श्रेणी सईच्या शेजारी ठेवू नये. सीबीएसईच्या शाळांतही खालच्या वर्गांना अशीच दहा-दहाची पट्टी असते, पण दहावीच्या बोर्डाच्या निकालात ए-1 हा 91 गुणांवर मिळत नाही. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना गुणांच्या क्रमाने लावतात आणि वरच्या आठव्या हिश्शाला ए-1 देतात, पुढच्या आठव्या हिश्शाला ए-2, असं खाली. तिथे पट्टी सरकती आहे. पेपर सोपा गेला तर 91 वालाही ए-1 मधून बाहेर पडू शकतो. अक्षरं दोन्हीकडे सारखीच दिसतात, म्हणून घोळ होतो.

नंबर

श्रेणीच्या पद्धतीत नंबर हा रकाना मुळात नाही. पोरांची एकमेकांशी तुलना टाळावी यासाठीच तर ती आणली. पण पालक विचारतात, म्हणून कितीतरी शाळा तो घालतात. सईच्या पत्रकावर "वर्गातील क्रमांक 14" असा होता, निळ्या शाईने हाताने लिहिलेला.

नंबर सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत असं माझं मत आहे. किती जणांत, कोणत्या जणांत, आणि किती गुणांच्या अंतराने.

पहिल्याचं उत्तर सोपं होतं, तुकडीत 48 मुलं. दुसऱ्यावर मात्र वैशाली थबकली. गेल्या वर्षी सई ब तुकडीत होती. जूनमध्ये शाळेने तुकड्या नव्याने पाडल्या आणि सहावीच्या गुणांवरून वरची मुलं अ तुकडीत एकत्र केली. सईला अ तुकडी मिळाली म्हणून जूनमध्ये ह्याच वैशालीने आम्हाला पेढे दिले होते. आता त्याच तुकडीत चौदावा नंबर आल्यावर रडू येत होतं. गावच्या कुस्तीत पहिला येणारा मल्ल जिल्ह्याच्या आखाड्यात चौदावा आला तर त्याची ताकद कमी झाली असं आपण म्हणत नाही. इथे मात्र म्हणतो, कारण पत्रकावर तुकडी बारीक अक्षरात असते आणि नंबर ठळक.

तिसरा प्रश्न अंतराचा. सईची सहा विषयांची बेरीज 600 पैकी 497. सहाव्या नंबरच्या मुलीची 508. हे वैशालीला कसं माहीत होतं, तर आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालाच्या दिवशी सगळ्यांचे गुण येऊन पडतात. म्हणजे सहाव्या आणि चौदाव्या नंबरमध्ये फक्त 11 गुण. सहा विषयांवर वाटले तर विषयामागे दोनसुद्धा नाहीत. वरच्या तुकडीत सगळे गुण एकमेकांना चिकटलेले असतात, अशा गर्दीत दोन-तीन गुणांनी चार-पाच नंबर मागे-पुढे होतात. उलट पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात कधी पंधरा गुणांचं अंतर असतं, तरी नंबर एकानेच बदलतो. नंबर फक्त रांग सांगतो, रांगेतल्या दोघांत किती वावभर जागा आहे ते सांगत नाही.

सारखे गुण मिळालेल्यांचं काय करतात हेही शाळा-शाळांत वेगळं असतं. दोघींना 499 असतील तर काही ठिकाणी दोघी बाराव्या आणि पुढची चौदावी. काही ठिकाणी पुढची तेरावी. सईच्या वर्गात नेमकं हेच होतं. तिच्या वर 499 वाल्या दोघी होत्या, आणि शाळेने तेरावा नंबर रिकामा सोडून सईला चौदावा दिला. दुसऱ्या पद्धतीच्या शाळेत तीच सई तेरावी आली असती.

आणि बेरजेत कोणते विषय धरलेत हेही बघून घ्यावं. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांचं मूल्यमापन पूर्ण आकारिकच असतं, लेखी पेपर नसतो. काही शाळा ते बेरजेत धरतात, काही नाही. चित्रकलेत चांगली असलेली पोर एका शाळेत दहावी आणि दुसऱ्या शाळेत सोळावी येऊ शकते, काहीच न बदलता.

आणि ते 87.5

वैशालीला वाटलं होतं की हे टक्के आहेत. बेरीज करून बघितली तर 497 भागिले 600 म्हणजे 82.8 टक्के येतात, मग हे 87.5 कुठून आलं? तिला तर शाळेची चूकच सापडल्यासारखं वाटत होतं.

आकड्याच्या पुढे पर्सेंटाइल असं लिहिलं होतं. टक्के म्हणजे शंभर गुणांपैकी आपले किती. पर्सेंटाइल म्हणजे शंभर पोरांपैकी किती जण आपल्याइतकेच किंवा आपल्या मागे. पहिल्यात गुण मोजतात, दुसऱ्यात पोरं मोजतात. बाकी सगळं यातूनच येतं.

सईच्या शाळेने पर्सेंटाइल तुकडीवर न काढता सातवीच्या तिन्ही तुकड्यांवर काढलं होतं. एकूण मुलं 144. सईपेक्षा जास्त गुण असलेली 18, त्यातली 13 तिच्याच तुकडीत आणि 5 इतर दोन तुकड्यांत. उरली 126, त्यात सई स्वतः धरलेली. मग 126 भागिले 144 गुणिले 100, उत्तर 87.5.

गेल्या वर्षीच्या पत्रकावर हाच आकडा 84.7 होता. तेव्हाही पट 144च होता, तेव्हा 122 मुलं तिच्याइतकी किंवा तिच्या मागे होती. म्हणजे 22 जणी-जण पुढे होते, आता 18. पूर्ण इयत्तेत सई चार जागा पुढे सरकली आहे. तिचा तुकडीतला नंबर सहावरून चौदावर गेला, तो ती मागे पडली म्हणून नाही, तर पुढची सगळी पोरं एका खोलीत आणून बसवली म्हणून.

"म्हणजे माझी पोर पुढे गेली?" वैशाली म्हणाली. थोडीशी, हो. पण चार पोरांवरून मी पेढे वाटणार नाही. 144 जणांत एक पोर म्हणजे 0.7 पर्सेंटाइल. 48 च्या तुकडीत काढलं तर एक पोर म्हणजे जवळजवळ 2.1. त्यामुळे एवढ्या लहान संख्येत दशांशाला काही अर्थ नसतो, 87.5 आणि 88.2 यांत एका पोराचा फरक आहे आणि त्या पोराला परीक्षेच्या दिवशी ताप आलेला असू शकतो. दशांश दिसला की आकडा फार नेमका आहे असं उगाच वाटतं.

सूत्रही एकच नसतं. आमच्या शाळेच्या हिशेबात सई स्वतः धरली आहे, म्हणून इयत्तेत पहिल्या आलेल्या मुलाला 100 पर्सेंटाइल मिळतं. काही जण फक्त मागच्यांनाच मोजतात, स्वतःला नाही. तसं केलं तर सईचं 125 भागिले 144, म्हणजे 86.8 होतं, आणि पहिल्या नंबरला 99.3 च्या वर जाताच येत नाही. जेईई मेनसारख्या परीक्षेत स्वतःला आणि बरोबरीच्यांना धरून मोजतात, शाळेच्या या पत्रकासारखंच. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर सूत्र दोन्हीकडे एकच आहे ना, एवढं विचारून घ्यावं.

पर्सेंटाइलचा एक खोडसाळपणा दिनूला मी कापसाच्याच भाषेत सांगायला गेलो, पण जमलं नाही, म्हणून साध्या आकड्यांत सांगतो. इयत्तेच्या मधल्या भागात पोरांची गर्दी असते. समजा 460 ते 470 या दहा गुणांत 20 पोरं आहेत. तिथल्या एखाद्याने दहा गुण जास्त मिळवले तर तो एकदम 20 जणांना मागे टाकतो, पर्सेंटाइल जवळजवळ 14 ने उडी मारतं. वरच्या टोकाला त्याच दहा गुणांत दोनच पोरं असतात. तिथे दहा गुण वाढवले तरी पर्सेंटाइल 1.4 नेच वाढतं. मेहनत तीच, गुण तेवढेच. म्हणून मधल्या पोराचं पर्सेंटाइल वर्षभरात पंधराने पडलं तर लगेच घाबरू नये, आधी गुण किती कमी झाले ते बघावं. आणि वरच्या पोराचं 95 वरून 93 झालं तर त्याकडे दुर्लक्षही करू नये, त्यामागे बरेच गुण गेलेले असू शकतात.

मुख्य म्हणजे पर्सेंटाइल पोराला काय येतं ते सांगतच नाही. पेपर इतका अवघड असेल की पहिल्या आलेल्याला शंभरपैकी 55 मिळाले, तरी त्याचं पर्सेंटाइल 100च. बारावीनंतर एमएचटी-सीईटीच्या निकालात पोरगा 90 पर्सेंटाइल सांगतो तेव्हा त्याला 90 टक्के गुण मिळाले असं गावभर पसरतं. प्रत्यक्षात टक्के त्यापेक्षा बरेच कमी असू शकतात, आणि तिथे काही बिघडतही नाही, कारण प्रवेश जागांच्या रांगेवर ठरतो. सातवीत मात्र कोणाला कुठे प्रवेश घ्यायचा नाहीये. तिथे पोरीला मसावि-लसावि येतो का, हेच महत्त्वाचं. ते पर्सेंटाइल कधीच सांगणार नाही.

शनिवारी

पालकसभेला प्रत्येकाला मिळून मिळून सात-आठ मिनिटं मिळतात. तीस पालक बाहेर ओट्यावर थांबलेले असतात. त्यात "नंबर का घसरला" असं विचारलं की बाईंकडे उत्तर ठरलेलं असतं, "अभ्यास कमी पडतोय, लक्ष द्या." मीही हेच म्हणायचो. नंबर पडायचं कारण बाईंच्या हातात नसतंच, ते बाकी सत्तेचाळीस पोरांच्या हातात असतं. आणि इतर मुलांचे गुण काढून दाखवा असं म्हटलं तर त्या दाखवणार नाहीत, दाखवूही नयेत.

मग मी वैशालीला एकच वाक्य लिहून दिलं: गणिताच्या लेखीत 50 पैकी 17 गुण कुठे गेले, उत्तरपत्रिका बघता येईल का? हा प्रश्न विचारला की बाईंना कपाटातून गठ्ठा काढावा लागतो. गठ्ठा निघाला की बोलणं आपोआप कामाचं होतं. आकारिकचं काय ते वेळ उरला तर विचारायचं ठरलं.

शनिवारी वैशालीबरोबर दिनूही गेला. मॅडमनी पेपर काढून दिला. 17 गुणांचा हिशेब असा निघाला: 11 शाब्दिक उदाहरणांत, 4 शेवटचा प्रश्न सुटलेला म्हणून, आणि 2 आकडेमोडीच्या चुकांत. शाब्दिक उदाहरणांत एक नमुना स्पष्ट दिसत होता. "लसावि काढा" असं सरळ विचारलं तिथे सईला पूर्ण गुण होते. पण "तीन घंटा अमुक-अमुक मिनिटांनी वाजतात, तर तिन्ही पुन्हा एकदम केव्हा वाजतील" असं विचारलं तिथे तिने मसावि काढला होता. काढला अचूक, पण नको तो. क्रिया येते, कुठली करायची ते ओळखता येत नाही. वर्गात बाईंनी फळ्यावर लसाविचं प्रकरण चालू आहे असं सांगितलेलं असतं, तिथे ओळखायची गरजच पडत नाही, म्हणून वर्गकार्यात आणि आकारिकात हा दोष कधी दिसला नाही. साडेसव्वीसच्या अंतराचं मूळ बहुतेक इथेच होतं.

वेळ उरला म्हणून वैशालीने आकारिकचंही विचारलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, वर्गात सगळ्यात कमी 34 आहेत.

पुढच्या दोन महिन्यांसाठी मॅडमनी सुचवलं ते एवढंच, की सईने रोज तीन शाब्दिक उदाहरणं घ्यावीत, ती वेगवेगळ्या प्रकरणांतली आणि सरमिसळ केलेली असावीत, आणि ती सोडवू नयेत. फक्त कोणती क्रिया लागेल आणि का, एवढं एका ओळीत लिहावं. मला हा उपाय आवडला. मी बत्तीस वर्षांत कधी दिला नव्हता. आता सई संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येते, उदाहरणं मी निवडतो. द्वितीय सत्राचं पत्रक आलं की वैशालीने फक्त लेखीचा रकाना बघायचा असं आमचं ठरलंय, 50 पैकी 33 चे किती झाले ते. नंबर काय, तो ओट्यावरच्या म्हाताऱ्या विचारतीलच.